पाश्चरायझरच्या पीएचईचा प्रेशर ड्रॉप वाढत चाललाय, सीआयपी किती तासांनी घ्यावी?

प्रश्न: आमच्याकडे तासाला १०,००० लिटरचा पाश्चरायझर आहे. रोज सीआयपी होते तरी हीटिंग सेक्शनचा प्रेशर ड्रॉप दर आठवड्याला थोडा थोडा वाढतोय. दोनदा प्लेट्स उघडून घासल्या, पंधरा दिवसांत परत तेच. सीआयपी चार तासांवर आणू का?

उत्तर:

चार तासांवर आणायच्या आधी एक काम करा, लॉगबुकमध्ये प्रेशर ड्रॉपच्या शेजारी गरम पाण्याचं तापमान लिहायला लागा. मी वडोदऱ्याच्या बाहेर एका प्लांटमध्ये नोकरीला आहे, मशीन तुमच्याच साइजचं, आणि आम्हीही बरेच दिवस नुसत्या प्रेशर गेजकडेच बघत बसलो होतो.

दूध ७८ डिग्रीला न्यायचंय आणि सकाळी स्वच्छ प्लेट्सवर त्यासाठी पाणी ८० लागतं असं धरा. दुपारी त्याच ७८ साठी पाणी ८४ लागायला लागलं आणि प्रेशर ड्रॉपही चढला तर दुधाच्या बाजूला थर बसलाय, सरळ केस. ड्रॉप चढला पण पाणी ८० वरच आहे, तर थर नाही, कुठेतरी अडकलंय, पोर्टच्या तोंडाशी गॅस्केटचा तुकडा किंवा गवत, प्लास्टिक वगैरे, तिथे कॉस्टिक कितीही फिरवा काही होत नाही, उघडावंच लागतं. आणि तिसरं, पाणी ८४ झालं पण दुधाचा ड्रॉप आहे तिथेच, तर बहुतेक गरम पाण्याच्या बाजूला क्षार बसलेत (पाण्याचा पंप नीट चालतोय ना ते मात्र आधी बघा). बोअरचं पाणी सॉफ्टनर न लावता भरलं की हे होतंच, आणि दुधाची सीआयपी त्या बाजूला पोचतच नाही, तिथे वेगळं अ‍ॅसिड फिरवावं लागतं. आमच्याकडे एकाने याच चुकीपायी महिनाभर दुधाची बाजू धुतली.

अजून एक फसवणूक, फ्लो. प्लेट्स चोंदायला लागल्या की फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह उघडत जातो आणि एकदा तो पूर्ण उघडला की फ्लोच खाली यायला लागतो. प्रेशर ड्रॉप साधारण फ्लोच्या १.८ घाताने बदलतो, म्हणजे १०,००० चे ९,००० झाले की त्याच प्लेट्सवर ड्रॉप सुमारे १७ टक्के कमी दिसतो. गेजवर १.६ बार दिसतंय पण फ्लो ९,००० आहे तर १०,००० ला ते जवळजवळ १.९ बार आहे. ऑपरेटर सांगतो "साहेब, तासाभरात वाढलाच नाही", कसा वाढेल, फ्लो पडलाय ना.

आता आमची गोष्ट सांगतो, मला वाटतं तुमचीही हीच असावी. नव्या गॅस्केट्स टाकल्यावर हीटिंग सेक्शनचा सकाळचा ड्रॉप ०.८ बार होता. दोन महिन्यांत तोच सकाळचा, म्हणजे सीआयपी झाल्यानंतरचा आकडा १.२ वर गेला. दिवसाअखेर किती चढला ते सगळे बघत होते, सकाळचा आकडा कोणी बघतच नव्हतं. खरी मेख तिथेच आहे, सकाळचा आकडा चढतोय म्हणजे रन लांब आहे असं नाही, धुणंच अर्धवट होतंय. अशा वेळी चार तासांनी धुतलं तरी तेच अर्धवट धुणं दिवसात जास्त वेळा होणार.

ऑपरेटरांचा उपाय ठरलेला, "साहेब, कॉस्टिक वधारे नाखो ने", म्हणजे जास्त टाका ना. नाखलं. करता करता कॉस्टिक ३ टक्क्यांवर गेलं आणि हालत अजून बिघडली. उघडून बघितलं तर प्लेट्सवर पिवळट, बुळबुळीत, फुगलेली साय. झालं असं की ७०-७२ च्या वर तापलेल्या दुधात आधी व्हे प्रोटीन उलगडून प्लेटला चिकटतं आणि त्याच्यासोबत कॅल्शियम फॉस्फेट, कारण ते गरम झालं की कमी विरघळतं. पातेल्याच्या तळाला दूध लागतं ना, तसंच समजा. कॉस्टिक या थराला फुगवतं, त्याला भेगा पाडतं आणि मग वाहता फ्लो त्याचे तुकडे ओढून नेतो. कॉस्टिक फार कडक झालं की वरचा पापुद्रा जेलीसारखा घट्ट होतो आणि खाली काही शिरतच नाही. १ ते १.५ टक्का पुरतं.

पण आमची मोठी चूक वेगळीच निघाली, ती म्हणजे ओढून नेणारा फ्लोच नव्हता. सीआयपीतही फ्लो कंट्रोलरचा सेटपॉइंट दुधाचाच, १०,००० ठेवलेला होता, कमिशनिंगनंतर कोणीतरी बदलला असावा. धुताना फ्लो दुधाच्या निदान दीडपट लागतो. १५,००० केला, कॉस्टिक १.२ टक्के, ७५ ते ८० डिग्री, ३० मिनिटं, मध्ये पाण्याने नीट निघेपर्यंत धुवून मग नायट्रिक ०.८ टक्के, ६० च्या आसपास, २० मिनिटं. तापमान आणि टक्केवारी रिटर्न लाइनवर मोजा, टाकीत नाही. अ‍ॅसिड आठवड्यातून एकदाच घ्यायचो ते रोज केलं, कारण कॉस्टिक खनिजाला हात लावत नाही आणि राहिलेल्या खनिजावर दुसऱ्या दिवशीचं प्रोटीन लवकर धरतं. चौथ्या दिवशी सकाळचा आकडा ०.८५ वर आला, प्लेट न उघडता.

तुम्ही घासल्या म्हणता, तारेच्या ब्रशने नसाल अशी आशा आहे. ओरखडा पडला की थर तिथेच आधी बसतो. आणि परत आवळताना फ्रेम ते प्रेशर प्लेटचं अंतर मेकरच्या मापाएवढंच ठेवा, गळती थांबावी म्हणून जास्त आवळलं तर चॅनल अरुंद होऊन ड्रॉप तसाच वाढतो आणि आपण फाउलिंगला शिव्या देत बसतो.

मग किती तास? आम्ही घड्याळ लावत नाही. सकाळच्या आकड्यापेक्षा ड्रॉप ०.४ बार चढला (फ्लो १०,००० ला आणून मोजलेला) किंवा पाणी ४ डिग्री वर गेलं, यातलं जे आधी होईल तेव्हा थांबायचं. हे आमच्या मशीनचे आकडे आहेत, तुमचे दोन आठवड्यांच्या लॉगवरून काढा. थंडीत आमचा रन आठ तास जातो. मेमध्ये दूध वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या दुपारसारखं तापून येतं, आंबटपणा ०.१६ टक्क्यांवर गेला की तेच मशीन पाच तासांत हात टेकतं, म्हणून असं दूध आम्ही रनच्या शेवटी घेतो.

एक मर्यादा मात्र आकड्यांच्या पलीकडची आहे. हीटिंग सेक्शन चोंदलं की त्याच्या आधीचं, म्हणजे रिजनरेशनमधल्या कच्च्या दुधाचं प्रेशर वाढतं, पाश्चराइज्ड बाजूचं मात्र तेवढंच राहतं. कच्च्याचं प्रेशर वर गेलं आणि एखाद्या प्लेटला बारीक भोक असलं की कच्चं दूध थेट तयार दुधात जातं, आणि डायव्हर्जन व्हॉल्व्हला त्यातलं काही कळत नाही, तो फक्त तापमान बघतो. आम्ही पाश्चराइज्ड बाजू निदान अर्धा बार वर ठेवतो, तो फरक कमी व्हायला लागला की ड्रॉप किती का असेना, रन बंद.

आज रात्री पहिल्यांदा सीआयपी चालू असताना फ्लो मीटरवर किती आकडा दिसतो तो बघा आणि कमेंटमध्ये टाका.