प्रीमियम तत्काळची तारीख नीट मोज

अरे, परवा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात भेटलास तेव्हा म्हणालास, 'काका, प्रीमियम तत्काळ काढायला दहाला बसलो तर सगळं संपलेलं!' तू दिवसच चुकीचा धरला होतास. तारीख ग्वाल्हेरहून नाही, गाडी जिथून सुटते तिथून मोजतात, आणि बुकिंग त्याच्या आदल्या दिवशी उघडतं. पंजाब मेल फिरोजपूरहून 14 ला रात्री निघून आपल्याकडे 15 ला सकाळी येते. म्हणून 15 च्या प्रवासाचं तिकीट 13 लाच काढायचं: एसी दहाला, स्लीपर अकराला.

साध्या तत्काळात जादा रक्कम ठरलेली असते. स्लीपरला 100 ते 200, थर्ड एसीला 300 ते 400 रुपये. प्रीमियममध्ये मात्र जागा विकल्या जातील तसं भाडं चढतं. मुळात जागाच थोड्या, त्यात सगळा देश एकाच मिनिटाला तुटून पडतो. नावं भरेपर्यंत आकडा वाढलेला असतो, तेव्हा पैसे भरण्याआधी तो पुन्हा बघ. यात वेटिंग नाही, मिळालं तर कन्फर्मच. पण रद्द केलंस तर दमडी परत नाही! आयआरसीटीसी खात्याला आधार जोडणी आदल्या रात्रीच उरकून ठेव. मी आधी साधं तत्काळच बघतो.