अनधिकृत डेबिटबद्दल शाखेला पत्र: नेमकं काय लिहावं?

प्रश्न: “माझ्या खात्यातून परस्पर १८,५०० रुपये गेले, कृपया लक्ष घालावे” असं पत्र लिहिलंय. यात काय सुधारू?

उत्तर: “लक्ष घालावे” काढा, त्यातून बँकेवर काहीच बंधन येत नाही. आणि १८,५०० ही बेरीज आहे. पासबुकात दोन नोंदी असतील तर शाखेला ती रक्कम सापडणार नाही. असं लिहा:

“१२ मार्च २०२४ रोजी रात्री ११:४२ ला ९,९९९ रु. व ११:४४ ला ८,५०१ रु. (संदर्भ क्रमांक …) डेबिट झाले. एसएमएस ११:४५ ला आला. १३ मार्चला सकाळी ८:१० वाजता हेल्पलाइनवर कळवले, तक्रार क्रमांक … . हे व्यवहार मी केलेले नाहीत. ओटीपी वा पिन कोणालाही दिलेला नाही.”

शेवटचं वाक्य खरं असेल तरच ठेवा.

एसएमएसची आणि कळवल्याची वेळ सर्वांत महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तिसऱ्याच कोणाची असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर तुमची जबाबदारी शून्य.

मागणी: “कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत १८,५०० रु. व्यवहाराच्या तारखेपासून जमा धरावेत व ९० दिवसांत तक्रार निकाली काढावी.” ही जमा तात्पुरती असते.

दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्याच.