एसओपीमध्ये संशोधनाचा विषय किती आणि कसा मांडावा?

प्रश्न: इतिहासातल्या एम.ए.च्या प्रवेशासाठी एसओपी, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, लिहितो आहे. माझा विषय ‘१९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आणि समाज’ असा आहे. तो थोडक्यात कसा लिहू?

उत्तर: आपण लिहिले आहे ते अभ्यासक्षेत्र झाले, त्यातून संशोधनाचा प्रश्न अजून निघायचा आहे. माझ्या स्वतःच्या पहिल्या मसुद्यात मी हीच चूक केली होती आणि अर्धे पान पार्श्वभूमीवर खर्च केले होते, जी वाचणाऱ्या प्राध्यापकांना माझ्यापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक होती.

प्रश्न बांधताना आपण कोणती साधने वाचणार, हे आधी ठरवावे, कारण विषयाला मर्यादा साधनांमुळेच येते. समजा, आपण वाचकांनी संपादकांना लिहिलेली पत्रे निवडली. मग परिच्छेद साधारण असा होईल: ‘१९१८ च्या साथीत वृत्तपत्रांना पत्रे लिहिणाऱ्या वाचकांनी रोगाचा दोष कोणाला दिला, आणि ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्धविराम झाल्यावर त्या दोषारोपाचा रोख बदलला का, हे मला तपासायचे आहे. त्यासाठी दोन दैनिकांतील सप्टेंबर १९१८ ते मार्च १९१९ या काळातील पत्रे वाचण्याचा माझा विचार आहे. युद्धकाळात शत्रूकडे बोट दाखवणारी भाषा नंतर स्थानिक प्रशासनाकडे वळली असावी, असा माझा प्राथमिक अंदाज आहे.’

यात प्रश्न, काळ, साधने आणि अंदाज आहे. शिवाय तो अंदाज चुकीचाही ठरू शकतो, आणि माझ्या मते परिच्छेदाचे खरे बळ तेच आहे. ‘साथीचा समाजावर खोल परिणाम झाला’ हे वाक्य मात्र कोणतीही पत्रे वाचली तरी खोटे ठरणार नाही, म्हणून ते निरुपयोगी आहे.

याला एक वाक्य अवश्य जोडावे: छापलेली पत्रे संपादकाने निवडलेली आणि बहुधा काटछाट केलेली असतात, त्यामुळे त्यांतून जनमत थेट कळत नाही, काय छापण्याजोगे मानले गेले, ते कळते. ही मर्यादा आपणच नोंदवली, तर साधन कसे वाचायचे याची आपल्याला जाण आहे हे दिसते. याउलट ‘यावर आजवर कोणीच काम केलेले नाही’ असे लिहू नये, कारण निवड समितीतील एखाद्याला ते काम माहीत असण्याची शक्यता बरीच असते. त्याऐवजी आपण वाचलेल्या एखाद्या अभ्यासाने कोणता भाग मोकळा सोडला, तेवढेच सांगावे.

एसओपी हजार शब्दांची असेल, तर या सगळ्याला दीडशे ते दोनशे शब्द पुरेत. हा परिच्छेद आपल्या पूर्वतयारीनंतर आणि ‘हाच विभाग का’ या भागाच्या आधी ठेवावा, म्हणजे त्या विभागातील वैद्यकाच्या इतिहासाचा अभ्यासक्रम किंवा वृत्तपत्रांचा संग्रह आपल्याला का हवा आहे, हे वेगळे पटवून द्यावे लागणार नाही. मात्र ती दैनिके खरोखर उपलब्ध आहेत का, हे अर्ज पाठवण्याआधीच पाहावे आणि निदान वीसेक पत्रे वाचून घ्यावीत. माझा स्वतःचा अंदाज अशा वाचनानंतर दोनदा बदलला होता.