आधी जागा, मग नटांच्या वेळा

प्रश्न: शनिवार-रविवारात लघुपट शूट करायचा आहे, पण कलाकारांच्या वेळा जुळत नाहीत. कथेच्या क्रमानेच शूट करावे का?

करू नये. यावरून एका लघुपटाच्या वेळी दिग्दर्शकाशी माझा मोठा वाद झाला होता. मी तेव्हा साहाय्यक दिग्दर्शक होतो आणि माझे मत आजही तेच आहे.

पटकथा आठ पानांची होती. सकाळी स्वयंपाकघरात वडील आणि मुलगी, मग बसथांब्यावर एकटी मुलगी, संध्याकाळी गच्चीवर मुलगी आणि मैत्रीण, आणि शेवटी रात्री पुन्हा तेच स्वयंपाकघर. वडिलांचे काम करणारे नट फक्त शनिवारी दुपारी दोनपर्यंत मोकळे होते. तरीही भावनेचा चढ तुटू नये म्हणून रात्रीचा प्रसंग रविवारी, अगदी शेवटी घ्यावा आणि त्यासाठी नटांना गळ घालावी, असा दिग्दर्शकाचा आग्रह होता. म्हणजे स्वयंपाकघराचे लायटिंग दोनदा उभे करायचे आणि सामान आवरून, नेऊन, पुन्हा मांडण्यात दीड-दोन तास जादा घालवायचे.

मी स्वयंपाकघराचे दोन्ही प्रसंग शनिवारी सकाळी लावले. सकाळचा प्रसंग झाल्यावर खिडक्यांना बाहेरून जाड काळे कापड लावले, कपडे बदलले आणि भरदिवसा रात्र केली. प्रत्येक प्रसंगात आधी दोघांचा वाइड, मग वडिलांचे क्लोजअप, असा क्रम ठेवला. रात्रीच्या प्रसंगातले मुलीचे क्लोजअप मात्र मुद्दाम मागे ठेवले, कारण ते नट निघून गेल्यावरही घेता येतात. त्यांच्या जागी त्यांच्याच उंचीचा कोणी उभा राहून संवाद म्हणतो आणि मुलीची नजर योग्य ठिकाणी राहते. दोनच्या आत नट मोकळे झाले.

गच्ची शनिवारी संध्याकाळीच ठेवली. मावळतीचा उजेड जेमतेम अर्धा तास मिळतो आणि आभाळ भरून आले तर तोही नाही, म्हणून रविवारची संध्याकाळ हाताशी राखली. मैत्रिणीचे काम करणारी मुलगी दोन्ही दिवस येणार असल्यामुळेच हे जमले. बसथांब्यावर मुलगी एकटीच असल्याने तो प्रसंग रविवारी सकाळी गेला.

शनिवारचा दिवस यामुळे जड झाला, हे खरे आहे, पण मोकळा रविवार असल्याशिवाय मी तसा दिवस लावला नसता. दिग्दर्शकाचे म्हणणे होते की अशा तुकड्यांनी अभिनय सुटा पडतो. माझ्या मते तो सुटा पडतो तालीम न झाल्यामुळे. आम्ही आधीच्या आठवड्यात संपूर्ण कथा क्रमाने बसवून घेतली होती.

एक अपवाद सांगायला हवा. पात्राचे केस कापले जाणार असतील, भिंत रंगवली जाणार असेल किंवा असे काही होणार असेल जे पूर्ववत करता येत नाही, तर तेवढ्या प्रसंगांपुरता कथाक्रम पाळावाच लागतो. अगदी लहान मुलांच्या बाबतीतही मी थोडी सवलत देईन.