औषधाच्या खोक्यावरची तारीख : आधी वर्ष की आधी दिवस?

प्रश्न : खोक्यावर उत्पादन २४-०८-२८ आणि एक्स्पायरी २६-०८-२७ असं छापलंय. औषध २०२६ पर्यंत चालेल की २०२७ पर्यंत? बॅच नंबरमध्ये २७०८ आहे, म्हणजे २०२७च ना?

उत्तर : २७ ऑगस्ट २०२६ पर्यंत. मी फार्मासिस्ट आहे. अशी तारीख समोर आली की मी एक्स्पायरी बाजूला ठेवून आधी उत्पादनाची तारीख वाचतो. दिवस आधी धरला, तर तुमचं औषध २४ ऑगस्ट २०२८ ला तयार झालं असं होईल, आणि तो दिवस अजून उजाडायचाय. म्हणजे इथे वर्ष आधी छापलंय: उत्पादन २८ ऑगस्ट २०२४, एक्स्पायरी २७ ऑगस्ट २०२६. मधे बरोबर दोन वर्षं येतात, आणि शेवटचा दिवस एकाने कमी आहे. औषधांची मुदत बहुधा अशी पूर्ण वर्षांतच असते, त्यामुळे हा ताळा जमला की मला खात्री वाटते.

खोक्यावर चौकोनी ठिपक्यांचा कोड असेल आणि शेजारी त्याचे आकडे छापलेले असतील, तर ताळ्याचीही गरज नाही. ते साधारण असे दिसतात:

```
(17)260827
(10)K2708A
```

कंसातल्या १७ नंतर एक्स्पायरी येते आणि तिचा क्रम ठरलेला आहे: वर्ष, महिना, दिवस. दिवसाच्या जागी दोन शून्यं असली, तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. उत्पादनाची तारीख दिली असेल, तर ती ११ नंतर त्याच क्रमाने येते.

१० नंतरचा बॅच नंबर मात्र तारीख म्हणून कधीच वाचू नका. तो कंपनी स्वतःच्या पद्धतीने देते. त्यातले २७०८ अनुक्रमांक असतील, यंत्राचा क्रमांक असेल, बाहेरून काही सांगता येत नाही. तो लागतो ते एखादी बॅच परत मागवली तर आपली तीच आहे का, हे पाहायला.

गोळ्यांच्या पट्टीवर बहुतेकदा दोनच आकडे दाबून उमटवलेले असतात, जसे ०८/२७. हे ‘८ तारीख’ किंवा ‘२७ ऑगस्ट’ असं वाचणारे मी बरेच पाहिलेत. बारापेक्षा मोठा आकडा महिना असू शकत नाही, आणि पट्टीवर दोनच आकडे असले की ते महिना व वर्ष असतात. म्हणून हा ऑगस्ट २०२७. नुसता महिना दिला असेल तर औषध त्या महिन्याच्या अखेरपर्यंत चालतं, म्हणजे इथे ३१ ऑगस्टपर्यंत. पण ‘अमुक महिन्याच्या आधी वापरा’ असे शब्द असतील, तर सहसा आधीचा महिना संपेपर्यंतच, म्हणजे ३१ जुलैपर्यंत.

हे आकडे अनेकदा पट्टीच्या एकाच टोकाला असतात. त्यामुळे गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढत या. तारखेचं टोक आधीच कापून गेलं असेल आणि खोकंही हाताशी नसेल, तर उरलेल्या गोळ्या घेऊ नका.