४० लाखांची मर्यादा सगळ्यांना नसते

प्रश्न: वकीलसाहेब, नमस्कार. मिरजेजवळ माझं लाकडी फर्निचरचं वर्कशॉप आहे. जीएसटी नंबर नाही. एप्रिलपासून विक्री १७ लाख ६० हजार झाली आणि घरोघरी जाऊन दुरुस्ती-पॉलिश करतो त्याची मजुरी १ लाख ९० हजार. ३ ऑक्टोबरला बेळगावच्या एका दुकानदाराला ५८ हजारांची टेबलं साध्या बिलावर पाठवली. तो आता टॅक्स इनव्हॉइस मागतोय. माझी मुलगी बी.कॉम.ला आहे. तिच्या प्रश्नसंचात एका वाक्यात उत्तरं आहेत: नोंदणीची मर्यादा? ४० लाख. ई-वे बिल? ५० हजारांच्या वर. इनव्हॉइसच्या प्रती? तीन. रिटर्न? GSTR-1 आणि GSTR-3B. मग मला नोंदणी लागत नाही ना? आणि पुण्याची ८४ हजारांची ऑर्डर आली आहे, तिला ई-वे बिल लागेल का?

उत्तर: नमस्कार. नोंदणी लागते, आणि तीही ३ ऑक्टोबरपासून. प्रश्नसंचातली उत्तरं चूक नाहीत. पण त्या प्रत्येकामागे कायद्यात एक ‘परंतु’ आहे आणि तुमचं प्रकरण नेमकं त्या ‘परंतु’त बसतं.

आधी ४० लाखांचं पाहू. ही सवलत १ एप्रिल २०१९ पासून आहे, पण ती फक्त वस्तू विकणाऱ्यांसाठी आहे. दुरुस्ती आणि पॉलिशची मजुरी ही सेवा झाली. त्यामुळे महाराष्ट्रात तुमची मर्यादा २० लाख, आणि ती विक्री व मजुरी मिळून मोजायची. तुमची बेरीज १९ लाख ५० हजार होते, म्हणजे ती रेघ अजून ओलांडलेली नाही, पण पुण्याच्या ऑर्डरने ओलांडली जाईल.

मात्र तुमच्यावर नोंदणीचं बंधन आलं ते बेळगावमुळे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकणाऱ्याला कलम २४ खाली उलाढाल कितीही असली तरी नोंदणी घ्यावीच लागते. काही हस्तकला वस्तूंना यातून सूट आहे, पण तुमचं नेहमीचं लाकडी फर्निचर त्यात धरू नका. बेळगाव मिरजेहून जवळ असलं तरी ते कर्नाटकात आहे, आणि कायदा अंतर पाहत नाही, राज्याची हद्द पाहतो.

आता वेळ महत्त्वाची आहे. बंधन आलं त्या दिवसापासून ३० दिवसांत, म्हणजे २ नोव्हेंबरपर्यंत, अर्ज करा. या मुदतीत अर्ज केला तर तुमची नोंदणी ३ ऑक्टोबरपासून धरली जाते. मग प्रमाणपत्र मिळाल्यापासून एका महिन्यात त्या साध्या बिलाच्या बदल्यात सुधारित बीजक देता येतं. त्यावर ठळकपणे ‘Revised Invoice’ लिहायचं आणि जुन्या बिलाचा क्रमांक व तारीख टाकायची. लाकडी टेबलांवर १८ टक्के कर आहे. माल राज्याबाहेर गेला म्हणून तो आयजीएसटी, ५८ हजारांवर १०,४४० रुपये. बेळगावचा व्यापारी नोंदणीकृत असेल तर त्याला ही रक्कम इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे स्वतःच्या जीएसटीतून वळती करून, परत वापरता येते. त्यामुळे ती वर मागायला संकोच करू नका. त्याने दिली नाही तर ५८ हजारांत कर आलेला आहे असं धरून ८,८४७ रुपये तुमच्या खिशातून जातील.

मुदत चुकली तर नोंदणी मंजुरीच्या तारखेपासून लागू होते. तेव्हा सुधारित बीजकाचा मार्ग बंद होतो, पण आधीच्या विक्रीवरचा कर मात्र सुटत नाही. नोंदणी न घेतल्याचा दंडही मागे लागतो: १० हजार रुपये किंवा चुकवलेला कर, यांतली मोठी रक्कम.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ३ ऑक्टोबरनंतर मिरजेत केलेल्या विक्रीवर आणि मजुरीवरही आता कर लागू आहे. घरगुती ग्राहकांकडून तो तुम्ही घेतलेला नाही, म्हणून तो तुम्हालाच सोसावा लागेल. यासाठीच मी म्हणतो, २ नोव्हेंबरची वाट पाहू नका, याच आठवड्यात अर्ज भरा. नंबर येईपर्यंत कुणाकडूनही बिलावर जीएसटी वसूल करू नका. आणि ओळखीच्या दुकानदाराच्या नंबरवर बिल फाडून बेळगावला देण्याचा सल्ला कुणी दिला तर ठाम नकार द्या. ते खोटं बीजक ठरतं आणि त्यात दोघंही अडकतात.

थोडा दिलासाही आहे. मुदतीत अर्ज केला तर २ ऑक्टोबरला तुमच्याकडे जे लाकूड, प्लायवूड, हार्डवेअर शिल्लक होतं, आणि तयार किंवा अर्धवट फर्निचरमध्ये जे गेलं होतं, त्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. खरेदीची पक्की बिलं हवीत आणि ती एक वर्षाच्या आतली हवीत. त्यासाठी नोंदणी मिळाल्यापासून ३० दिवसांत ITC-01 हा फॉर्म भरा. रंधा-करवतीच्या यंत्रांवरचं जुनं क्रेडिट यात येत नाही. २ ऑक्टोबरच्या साठ्याची यादी आजच लिहून काढा, महिन्याने ती आठवणार नाही.

कुणी छोट्या व्यावसायिकांच्या कंपोझिशन योजनेत जा, उलाढालीवर १ टक्काच भरा, असं सांगेल. त्या योजनेत राज्याबाहेर माल विकता येत नाही, म्हणून बेळगावचं गिऱ्हाईक ठेवायचं असेल तर ती तुमच्यासाठी नाही.

माल वाहून नेताना सोबत लागणाऱ्या ई-वे बिलाचं ५० हजारांचं उत्तर बेळगावला लागू होतं. इथली किंमत करासह धरतात. विकणारा नोंदणीकृत नसेल आणि घेणारा नोंदणीकृत असेल, तर ई-वे बिल काढण्याची जबाबदारी नियमाने घेणाऱ्यावर येते. गाडी अडवली असती तर सोडवण्यासाठी कराच्या दुप्पट, म्हणजे २०,८८० रुपये दंड मागितला गेला असता. तो प्रसंग टळला. आता पोहोचलेल्या मालाचं ई-वे बिल मागाहून काढू नका, त्याने काही दुरुस्त होत नाही, उलट संशय येतो.

पुण्याला मात्र वेगळा हिशोब आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मर्यादा १ लाखाची आहे. ८४ हजारांवर १५,१२० रुपये कर, एकूण ९९,१२०. ई-वे बिल लागत नाही. पण त्याच बिलात हजार रुपयांचं एक स्टूल वाढवलं किंवा तेवढंच टेम्पोचं भाडं लावलं की करासह १ लाख ३०० होतात आणि ई-वे बिल काढावं लागतं. तेव्हा बिल अंतिम झाल्यावरच बेरीज तपासा. शक्य असेल तर नंबर मिळाल्यावरच हा माल पाठवा.

इनव्हॉइसच्या तीन प्रती मालासाठी: पहिली ग्राहकाला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी तुमच्याकडे. मजुरीच्या बिलाला दोन पुरेत.

रिटर्नबाबत तुमच्या उलाढालीला तिमाही पर्याय निवडता येतो. ऑक्टोबर ते डिसेंबरचं GSTR-1, म्हणजे विक्रीच्या बिलांचा तपशील, १३ जानेवारीपर्यंत आणि GSTR-3B, म्हणजे कराचा गोषवारा, २२ जानेवारीपर्यंत. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा कर मात्र पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरत जायचा. बेळगावचा व्यापारी क्रेडिटसाठी जानेवारीपर्यंत थांबणार नाही, म्हणून त्याचं सुधारित बीजक, तिमाही संपण्याआधी बिलं चढवण्याच्या IFF या सोयीतून, १३ नोव्हेंबरपर्यंत चढवा. त्यासाठी प्रमाणपत्र त्याआधी हातात हवं. अर्ज करताना आधार पडताळणी करून घ्या, ती टाळली तर जागेची पाहणी होते आणि मंजुरी लांबते.