ज्येष्ठांच्या अष्टविनायक बसयात्रेचा व्हिडिओ: नेमकं काय दाखवावं?

प्रश्न: आमची पुण्यात छोटी यात्रा कंपनी आहे. फक्त ज्येष्ठ नागरिकांसाठी चार दिवसांची अष्टविनायक बसयात्रा सुरू करतोय. आरामदायी प्रवास, वैद्यकीय मदत आणि घाई नसलेला कार्यक्रम हे सांगणारा व्हिडिओ करायचा आहे. त्यात काय दाखवलं म्हणजे लोकांचा विश्वास बसेल?

उत्तर:

मी बरीच वर्षं ज्येष्ठांच्या यात्रांसोबत टूर मॅनेजर म्हणून जातो आणि आमच्या यात्रांच्या चित्रीकरणातही असतो. माझं मत सरळ आहे: कळसाचे ड्रोन शॉट आणि हसणारे आजी-आजोबा कमी करा आणि बसची पायरी, स्वच्छतागृह, लेण्याद्रीचा जिना दाखवा. यात्रेला यायचं की नाही हे आई-वडील त्यावरून ठरवतात, आणि पैसे भरणारी मुलंही तेच शोधत असतात.

सुरुवात ‘घाई नाही’ या दाव्यापासून करू, कारण तो प्रत्येक जण करतो आणि तो सिद्ध करणं सर्वांत अवघड आहे. साधा हिशोब मांडा. बसमध्ये 35 ज्येष्ठ असतील, तर काठी, पिशवी, दांडा धरणं, पाय टेकवणं धरून एकाला उतरायला सरासरी 35 सेकंद लागतात. म्हणजे सगळे उतरायला साधारण 20 मिनिटं, चढायला तेवढीच. एका देवळापाशी 40 मिनिटं नुसती चढ-उतारात गेली. आठ देवळांचे झाले पाच तासांहून जास्त. दोन दिवसांत आठही गणपती करणाऱ्या यात्रेत हे पाच तास कुठून येतात? पहाटे उठवून, जेवण आवरतं घेऊन आणि ‘चला चला’ करून. तुमचे चार दिवस आहेत, तर हा हिशोब निवेदकाच्या तोंडी घाला. ऐकणाऱ्याला लगेच पटतो.

आणि मग तो दाखवा. एक शॉट असा घ्या, ज्यात एकही कट नाही. बस थांबते, मदतनीस पायरीखाली लाकडी स्टूल ठेवतो, पंच्याहत्तरीच्या एखाद्या आजी उतरतात, चालत महाद्वारापर्यंत जातात, वाटेत बाकावर टेकतात, पुन्हा उठतात. कोपऱ्यात घड्याळ चालू ठेवा. तीन-चार मिनिटांचा हा तुकडा संपादकाला कंटाळवाणा वाटेल आणि तो कापायला बघेल. कापू देऊ नका. ज्यांच्यासाठी व्हिडिओ आहे ते हाच भाग दोनदा बघतात. हे चित्रीकरण रांजणगावला करा. तिथला परिसर मोठा आणि बराचसा सपाट आहे, त्यामुळे चालण्याचा खरा वेग दिसतो.

आता ती पायरी. घरातल्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते. बसची पहिली पायरी जमिनीपासून बहुतेक वेळा फुटाहून वर असते, आणि गुडघेदुखीच्या माणसाची यात्रा तिथेच अडते. टेप लावून उंची मोजा आणि ती पडद्यावर लिहा. मध्ये स्टूल ठेवल्यावर ती किती राहते तेही लिहा. पुशबॅक सीट आणि एसी सगळेच दाखवतात. सीटवर बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतात का, उठताना धरायला पुढे दांडा आहे का, हे दाखवणारे फार कमी असतात.

स्वच्छतागृहाबद्दल लाजू नका. व्हिडिओत यावर अख्खं मिनिट द्या असं मी आग्रहाने सांगतो. पुन्हा हिशोब बघा: 35 माणसं, प्रत्येकी तीन मिनिटं. दोनच संडास असतील तर शेवटचा माणूस जवळजवळ पाऊण-एक तासाने मोकळा होतो. चार असतील तर साधारण 27 मिनिटांत काम होतं. म्हणून थांबा निवडताना जेवणाच्या चवीइतकंच संडास किती, त्यात कमोड किती, पकडायला दांडा आहे का, फरशी कोरडी असते का, हे बघावं लागतं. दर दीड-दोन तासांनी तुम्ही कुठे थांबणार, ती ठिकाणं खरी चित्रित करा. एखाद्या ढाब्याची पाटी न दाखवता आतली जागा दाखवा.

याचा संबंध थेट तब्येतीशी आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. प्रवासात लघवीला जावं लागू नये म्हणून ज्येष्ठ मंडळी सकाळपासून पाणी पीत नाहीत. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर काही जण ती परस्पर टाळतात, काही जण गोळी घेतात पण पाणी बंद करतात. दुपारी उन्हात रांगेत उभं राहिल्यावर चक्कर येते ती बऱ्याचदा अशी. आमच्या एका यात्रेत सिद्धटेकला एक काका असेच टेकडी उतरताना खाली बसले. रक्तदाब खूप खाली गेला होता. सावलीत आडवं करून पाय वर ठेवले, शुद्धीवर होते म्हणून थोडं थोडं मीठ-साखर-पाणी दिलं आणि सोबतच्या डॉक्टरांनी दर दहा मिनिटांनी रक्तदाब तपासला, तेव्हा सावरले. नंतर विचारलं तर म्हणाले, ‘बस कधी थांबेल ते माहीत नव्हतं, म्हणून पाणी प्यालो नाही.’ तेव्हापासून पुढचा थांबा किती वाजता, हे आम्ही बसमध्ये समोर फळ्यावर लिहितो. हा फळा तुमच्या व्हिडिओत असू द्या.

‘वैद्यकीय मदत’ हे शब्द वापरताना मात्र फार जपा. पांढरा कोट घातलेला माणूस उभा केला आणि प्रत्यक्ष यात्रेत फक्त प्रथमोपचाराची पेटी निघाली, तर ती फसवणूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाईची तरतूद आहे. डॉक्टर येणार असतील तर ‘डॉक्टर’ म्हणा, परिचारिका असेल तर ‘परिचारिका’ म्हणा, दोन्ही नसतील आणि प्रशिक्षित मदतनीस असेल तर तसं सांगा. लोक यातलं काहीही स्वीकारतात, फक्त आधी कळायला हवं.

मग त्या माणसाला काम करताना दाखवा. सकाळी नाश्त्याआधी तो टेबल मांडून बसलाय, ज्यांना हवं त्यांचा रक्तदाब बघतोय, मधुमेह असणाऱ्यांची साखर तपासतोय आणि वहीत नोंद करतोय. इन्सुलिन कशात ठेवता तेही दाखवा. उन्हात उभ्या बसमध्ये ते खराब होतं, आणि बर्फाला थेट चिकटलं तर गोठूनही निकामी होतं. इन्सुलिन घेणाऱ्यांचं जेवण लांबलं तर साखर उतरते, म्हणून त्यांच्यासाठी वेळेवर काहीतरी खायला बसमध्येच ठेवलेलं असावं. हे एवढं दिसलं की मुलांना कळतं, या लोकांनी विचार केलाय.

दर टप्प्यावर आजारी माणसाला कुठे नेणार, याचा नकाशा पडद्यावर आणा. मोरगावच्या बाजूला बारामती, थेऊर आणि रांजणगावहून पुणे, पाली-महडकडे गंभीर प्रसंग आला तर पनवेल. जुन्नर भागात अंतर जास्त पडतं, ते लपवू नका. 108 ची रुग्णवाहिका राज्यभर मोफत मिळते, पण ती पोहोचेपर्यंत काय करणार हे तुमचं उत्तर असलं पाहिजे. आणि एक विनंती: खऱ्या आजारी प्रवाशाचं चित्रीकरण कधीही करू नका. रक्तदाब तपासतानाचा शॉटसुद्धा लेखी संमती घेऊनच घ्या, आणि यंत्रावरचे आकडे दिसू देऊ नका.

आता लेण्याद्री. व्हिडिओची खरी परीक्षा इथेच आहे. गिरिजात्मजाचं देऊळ म्हणजे डोंगरातलं सातव्या क्रमांकाचं लेणं, आणि तिथे जायला सुमारे तीनशे दगडी पायऱ्या आहेत. बरेच व्हिडिओ खालून एकदा डोंगर दाखवतात आणि पुढच्या क्षणी मूर्तीसमोर असतात. तुम्ही तसं करू नका. पायऱ्या खालून वर आणि मग वरून खाली, दोन्ही बाजूंनी दाखवा. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त जड जातं आणि खालून बघणाऱ्याला ते कळत नाही. डोली मिळते हे सांगा, ती भाड्यात धरली आहे की वेगळी, हेही स्पष्ट बोला. माकडं असतात, त्यामुळे हातातली प्रसादाची पिशवी आणि चष्मा सांभाळायला माणूस सोबत आहे, हे दिसू द्या.

आणि जे वर जाणार नाहीत त्यांचं काय? बहुतेक यात्रांमध्ये ते बसमध्ये दोन तास बसून राहतात आणि मनातून खट्टू होतात. आम्ही त्यांच्यासाठी पायथ्याशी सावलीत खुर्च्या मांडतो, एक सहकारी तिथेच थांबतो, अथर्वशीर्षाचं आवर्तन होतं, चहा होतो. हा गट व्हिडिओत वर जाणाऱ्यांइतकाच वेळ दिसला पाहिजे. ‘मला जमलं नाही तर?’ या भीतीनेच कित्येक जण नाव नोंदवत नाहीत. लेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत, म्हणून ट्रायपॉड किंवा ड्रोन न्यायचा तर परवानगी आधी घ्या. इतर देवळांतही गाभाऱ्यातल्या चित्रीकरणाबद्दल देवस्थानाला विचारूनच कॅमेरा काढा.

तुमचा कार्यक्रम मी असा लावला असता. पहिल्या दिवशी मोरगाव आणि सिद्धटेक, परतताना थेऊर, मुक्काम पुण्याजवळ. दुसऱ्या दिवशी रांजणगाव आणि ओझर, मुक्काम ओझरलाच. तिसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत लेण्याद्री, दुपारी जेवून विश्रांती, मग पुण्याकडे परत. चौथ्या दिवशी घाट उतरून महड आणि पाली. शास्त्रोक्त क्रम मोरगावहून निघून शेवटी पुन्हा मोरगाव असा आहे. तो यात पाळला जात नाही, हे आधीच सांगून टाका, कारण काही घरांत त्याला फार महत्त्व असतं. चतुर्थीचे दिवस, विशेषतः अंगारकी, टाळलेत हेही सांगा. एप्रिल-मे मध्ये जाणार असाल तर देवळाच्या अंगणातली तापलेली फरशी लक्षात ठेवा. मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना कमी झालीय त्यांना चटका कळत नाही आणि संध्याकाळी फोड दिसतो. तळाला रबरी ठिपके असलेले मोजे द्या आणि ते घालतानाचा शॉट घ्या.

राहिला प्रश्न व्हिडिओच्या बांधणीचा. निवेदन सावकाश आणि जाड आवाजात असू द्या. आरतीचं संगीत निवेदनाखाली ठेवू नका. कमी ऐकू येणाऱ्याला त्यात शब्द सुटे करता येत नाहीत. संगीत दोन निवेदनांच्या मधे वाजवा. पडद्यावरची अक्षरं मोठी, गडद पार्श्वभूमीवर पांढरी ठेवा, आणि एका वेळी एकच ओळ. हा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणार आहे, तिथे चित्र दबून बारीक अक्षरं फुटतात. म्हणून पाठवायच्या आधी स्वतःच्या घरातल्या ज्येष्ठाच्या फोनवर, त्यांच्याच चष्म्यातून वाचून घ्या. शेवटी चार दिवसांचा कार्यक्रम, भाड्यात काय आहे आणि काय नाही, आणि फोन नंबर ही पाटी किमान 20 सेकंद स्थिर ठेवा, म्हणजे कागद-पेन शोधून नंबर लिहून घ्यायला वेळ मिळेल.